जुलाब, उपाय सांगा

मला जास्त बोलणारी माणसं आवडत नाहीत. यात माझा दोष नाही. एकतीस वर्षं मी फोर्टच्या तारघरात काउंटरवर काढली आणि तिथे प्रत्येक शब्दाला मोल होतं. माणूस रडत यायचा, "साहेब, असं लिहा, की आई कालपासून बरी नाही, डॉक्टर म्हणतात काही खरं नाही, रजा मिळाली तर लगेच निघून ये." मी म्हणायचो, "‘आई गंभीर, ये.’ पुढचा कोण?" माणसाचे पैसे वाचायचे आणि जाताना तो मला हात जोडायचा. हे सगळं अंगात मुरलंय. आमची ही म्हणते, तुम्ही लग्नाला होकारसुद्धा एका शब्दात कळवला होतात. मग किती शब्दांत कळवायचा?

तर हा जो प्रकार सांगतोय तो २००६ सालचा. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, घरी बसून हिचं डोकं खात होतो. त्यात आमच्या भाईंदरचा केबलवाला उत्तम एक दिवस बिल्डिंगखाली भेटला. केबिन रोडवर एका कपड्यांच्या दुकानाच्या माळ्यावर त्याचं लोकल चॅनेल होतं. सकाळी भजनं, दुपारी साड्यांच्या सेलच्या जाहिराती, संध्याकाळी "चि. अमुकला पहिल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा". त्याला नवीन खूळ सुचलं होतं. दर रविवारी अकरा ते बारा एक डॉक्टर लाइव्ह बसणार, लोक फोन करून प्रश्न विचारणार, डॉक्टर उत्तरं देणार.

"गुणवंतकाका, फोन तुम्ही घ्यायचा," उत्तम म्हणाला. "सवाल चिठ्ठीवर लिहायचा. एक चिठ्ठी डॉक्टरला, तेच मी खाली पट्टीवर टाइप करणार. पण काका, शॉर्टमध्ये हां. पट्टीत पाच-सहा शब्दच बसतात."

शॉर्टमध्ये! मला! अहो, मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं.

फोन थेट स्टुडिओत ऐकवायचं यंत्र उत्तमकडे नव्हतं, म्हणून हा चिठ्ठ्यांचा मामला: मी काचेबाहेर फोनपाशी, डॉक्टर काचेच्या आत कॅमेऱ्यासमोर. डॉक्टर होत्या नीलिमाबाई. नवघरला त्यांचा दवाखाना. बाई हुशार, पण मला त्यांची एक खोड आवडायची नाही. साधी शिंक आली म्हणून गेलात तर दहा प्रश्न विचारतील. कधीपासून, दिवसा की रात्री, घरात मांजर आहे का. मी मनात म्हणायचो, बाई, गोळी द्या आणि मोकळं करा ना.

पहिले दोन रविवार झकास गेले. "केस गळतात, काय करू?" "वजन कमी कसं करू?" असल्या प्रश्नांनी कोण मरतंय. तिसऱ्या रविवारी सव्वाअकराला एका बाईचा फोन आला. मागे रिक्षांचा गोंगाट, त्यात बाईंचा आवाज खणखणीत, आणि बोलणं म्हणजे नळ उघडा राहिलेला. मी कानाने ऐकत होतो आणि मनातल्या मनात खोडत होतो, ही माझी जुनी सवय. हे नको. हेही नको. याचा काय संबंध? बाईंचं बोलणं संपायच्या आत माझी चिठ्ठी तयार होती.

"जुलाब. उपाय सांगा."

तीन शब्द. मी स्वतःवरच खूश झालो.

चिठ्ठी आत गेली. पट्टीवर झळकली. नीलिमाबाईंनी वाचली, उलटी करून मागे काही लिहिलंय का पाहिलं आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मी याचं उत्तर देणार नाही."

उत्तम कॅमेऱ्यामागून हातवारे करायला लागला.

"ज्यांनी हा प्रश्न विचारला त्यांनी परत फोन करा," बाई म्हणाल्या. "जुलाब कुणाला होतायत? वय काय? किती दिवस, दिवसातून किती वेळा? रक्त पडतंय का, ताप आहे का, उलट्या आहेत का? लघवी शेवटची कधी झाली? हे कळल्याशिवाय मी गोळीचं नाव घेणार नाही. कॉलेजातल्या मुलाने काल रस्त्यावर काही खाल्लं असेल तर एक गोष्ट. साठीच्या, डायबेटिस असलेल्या बाई असतील तर दुसरी. आणि लहान बाळ असेल तर तिसरीच. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी बाळाला द्यायची नाही, पाव नाही, कणभरही नाही. पोट फुगतं, बाळ गुंगीत जातं. तेव्हा फोन येईपर्यंत मीठ-साखरेचं पाणी नाहीतर दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी, एवढंच."

जाहिरात लागली तसा उत्तम बाईंच्या टेबलाशी धावला, मागोमाग मीही आत गेलो. "मॅडम, एक गोळीचं नाव सांगून टाका ना! सगळे सांगतात. मेडिकलवाला पण सांगतो. प्रोग्राम अटकला आपला."

"मेडिकलवाला समोर उभ्या माणसाला बघतो तरी," बाई म्हणाल्या. "मी काय बघू? तुमची पट्टी?" मग माझ्याकडे वळल्या. "गुणवंतराव, त्या बाई आणखी काय बोलल्या होत्या?"

"पुष्कळ बोलल्या."

"काय?"

खरं सांगायचं तर मला काही आठवेना. तारघरात हेच कौशल्य होतं, काउंटरवरून माणूस हलला की त्याचं सगळं विसरायचं. नाहीतर एवढ्या लोकांची दुःखं घेऊन झोपणार कसं? पण ते नीलिमाबाईंना काय सांगायचं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या तीन शब्दांची लाज वाटली.

जाहिरात संपली आणि फोन वाजतच सुटला. अहो, काय सांगू! सगळ्या मीरा-भाईंदरचं पोट त्या दिवशी बिघडलं होतं. एक म्हणाला, प्रश्न माझाच, वय एकोणतीस, काल साडूच्या हळदीला गेलो होतो. विचारलं, आधी फोन केला होता का? म्हणे नाही, पण करणारच होतो. एकाने विचारलं, डॉक्टर लघवीचं का विचारतायत, मला त्याचाच त्रास आहे. बेव्हर्ली पार्कहून हंसाबेन म्हणून एक होत्या, त्या म्हणाल्या, "जुओ भाई, ए सवाल मारो नथी. पण निकला है तो पूछ लेती हूँ, मेरे मिस्टर को उल्टा है, चार दिन से होता ही नहीं." मी म्हटलं, बेन, लाइन मोकळी ठेवा. तर त्या रागावल्या, म्हणाल्या जुलाबवाल्यांचंच ऐकता का तुम्ही!

मी प्रत्येकाचं वय, दिवस, सगळं लिहून घेत होतो. चिठ्ठ्या पुरेनात. नीलिमाबाई भराभर उत्तरं देत होत्या आणि प्रत्येक उत्तरानंतर विचारत होत्या, "पहिल्या त्या बाई?" मी काचेपलीकडून नाही म्हणून मान हलवत होतो.

पावणेबारा झाले. पहिल्या बाईंचा फोन काही येईना. कुठल्याशा घरात कुणीतरी माझ्या चिठ्ठीच्या उत्तराची वाट बघतंय आणि तिथे कोण आजारी आहे हे मला ठाऊक नाही. समजा बाळच असलं तर?

मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. नंबर! पोरं फोन करून शिट्ट्या मारायची म्हणून उत्तमने नंबर दिसणारा फोन घेतला होता. मी बटणं दाबत मागे मागे गेलो. सव्वाअकराचा नंबर सापडला. लावला. बराच वेळ वाजल्यावर कुणीतरी उचलला.

"हां, बोलो."

"कोण बोलतंय?"

"ईश्वर किराणा, नवघर. ये कॉइन बॉक्स है. किससे बात करनी है?"

"सव्वाअकरा वाजता तुमच्याकडून कुणी फोन केला होता? बाई होत्या. जुलाबाचं बोलत होत्या."

"अंकल," ईश्वर म्हणाला, "आज सुबह से सब जुलाब का ही बोल रहा है. टीवी पे आ रहा है ना. लाइन लगी है इधर."

"खूप बोलणाऱ्या बाई. आवाज खणखणीत."

"अच्छा, चंपाकाकू!" त्याने लगेच ओळखलं. "पीछे गावठाण में, विहिरीच्या बाजूला. नाती के लिए, नहीं नहीं, पोता. छोटा बच्चा है."

छोटा बच्चा है. मी रिसीव्हर तसाच टाकला.

मी आत घुसलो. लाइव्ह चालू होतं, तरी घुसलो. उत्तम ओरडला, "काका, फ्रेममध्ये आलात!" मी नीलिमाबाईंच्या टेबलाशी जाऊन म्हणालो, "बाळ आहे. नवघरला. घर कळलंय."

बाईंनी माझ्याच हातातला चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढून घेतला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर भराभर लिहिलं. "हे एकेक विचारा. कुठलीही गोळी देऊ देऊ नका. पाणी पितंय का बघा. बाळ उठत नसेल, पीत नसेल, सारखी उलटी करत असेल तर माझी वाट बघू नका, त्याच रिक्षात मोठ्या हॉस्पिटलला न्या. पीत असेल तर दवाखान्यात आणा, मी हे आटपून पोचतेच." आणि लगेच कॅमेऱ्याकडे वळून, "हां, तर हंसाबेनच्या मिस्टरांना..."

रिक्षावाला रविवारच्या गर्दीतून मला हलवत हलवत नेत होता आणि मी देवाला शब्द न मोजता हाका मारत होतो.

गावठाणातलं घर लगेच सापडलं. दार उघडंच होतं. आत टीव्ही चालू, त्यावर आमचंच चॅनेल. एक धिप्पाड म्हातारी टीव्हीसमोर पाटावर बसलेली, हातात बशी. बाजूला एक पोरगेलीशी आई बाळाला मांडीवर घेऊन डोळे मिटून भिंतीला टेकलेली. बाळ किरकिरत होतं, पण त्या रडण्यात दम नव्हता.

मी बशीत पाहिलं. पांढरी पूड. चमच्यात थोडं पाणी.

"काय आहे ते?" मी दारातूनच ओरडलो.

"तू कोन?" चंपाबाई म्हणाल्या.

"केबलवाला! म्हणजे फोनवाला! ते काय आहे बशीत?"

"गोली हाय. म्हाताऱ्यासाटी आनली व्हती, त्यातली पाव. कुटून ठेवलीय."

"दिली? बाळाला दिली?"

"न्हाय अजून. ती डॉक्टरीन कुनाला तरी सांगत व्हती, बालाला देऊ नको म्हनून. म्हनून हात थांबला. म्हटलं, आपला सवाल येऊंदे, मंग बघू. पन आपला सवाल येतच न्हाय! समद्या गावाचे आले, आमचा न्हाय!"

मी उंबरा ओलांडून आत गेलो. "चंपाबाई, तो तुमचाच सवाल होता. पहिला. जुलाबाचा. डॉक्टरांनी परत फोन करा म्हणून दहा वेळा सांगितलं!"

"ह्यॅ! तो आमचा कसा? त्याचं वय ठावं न्हाय, दीस ठावं न्हाय. मी म्हनलं, हा कोन येडा, नुसता जुलाब बोलून फोन ठेवला! मी तर समदं सांगलंवतं."

मी बशी त्यांच्या हातातून घेतली, मोरीत उपडी केली आणि खिशातली चिठ्ठी काढली.

"बाळाचं वय?"

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. आवाज ओळखला असणार. कारण ती हळूहळू उभी राहिली आणि तिने कंबरेवर हात ठेवले.

"आठ म्हयने. हे तुला सांगलं."

"किती दिवस?"

"परवाच्या सांजपासून. हे बी सांगलं."

"दिवसातून किती..."

"काल धा येला, पान्यावानी. रगत न्हाय. ताप इलुसा, जरासाच. उलटी दोन येला, आज न्हाय. हे समदं तुला सांगलं मेल्या, रुपया टाकून सांगलं! तू लिवत व्हतास का झोपला व्हतास?"

"लघवी?" मी हळूच विचारलं.

आता मात्र तिने बाळ घेऊन बसलेल्या सुनेकडे बघितलं. ही बाळाची आई, दिव्या. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "काल रात्री लंगोट ओला झाला होता काका. त्यानंतर नाही. पाणी दिलं की चमचा चावतो, सोडतच नाही."

"म्हणजे पितोय ना? चला. दोघी चला. डॉक्टर येतायत."

"पन आज रईवार, दवाखाना..." चंपाबाई म्हणाल्या.

"उघडतायत तुमच्यासाठी," मी म्हणालो.

रिक्षात म्हातारी मला शिव्या देत होती आणि सगळा रस्ता मी त्या ऐकून घेतल्या. एकही शब्द खोडला नाही.

नीलिमाबाई आमच्या आधीच पोचल्या होत्या. त्यांनी अनिशला, म्हणजे बाळाला, टेबलावर झोपवलं. डोळे थोडे आत गेले होते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळूच जागेवर बसली. तोंड कोरडं. चमचाभर पाणी ओठाला लावलं तर त्याने दोन्ही हातांनी चमचा धरला.

"अंगातलं पाणी कमी झालंय," बाई म्हणाल्या. "पण तहान आहे, शुद्धीत आहे, ही चांगली गोष्ट. चार तास इथेच बसायचं. ओआरएस चमच्या-चमच्याने, मध्ये आईचं दूध चालू. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. सारखी उलटी व्हायला लागली किंवा सुस्तावला तर सरळ हॉस्पिटल आणि सलाइन. आणि गुणवंतराव..."

"हो डॉक्टर."

"तुम्ही घरी जायचं नाही. इथे बसून लिहायचं. किती चमचे गेले, किती वेळा शी झाली, उलटी झाली का. आणि लघवी. मला लघवीचीच वाट आहे."

मी लिहायला बसलो. साडेबारा, पंधरा चमचे. पाऊणला शी, पाण्यासारखी. एक वाजता दूध. बाई दर अर्ध्या तासाने येऊन बोटाने अनिशचं पोट चिमटत होत्या आणि माझा कागद वाचत होत्या. "‘शी झाली’ म्हणजे काय? किती?" म्हणून मला पुन्हा लिहायला लावत होत्या. मी पुन्हा लिहीत होतो. नाही म्हणायची सोय होती कुठे?

दोन वाजता उलटी झाली. दिव्या रडायलाच लागली. दहा मिनिटं आम्ही चौघं घड्याळाकडे बघत बसलो, मग पुन्हा एक चमचा. राहिला. आणखी एक. तोही राहिला. तीनच्या सुमारास अनिश झोपला आणि मी तीन वेळा बाईंना बोलावून विचारलं, ही झोप आहे की गुंगी? तिसऱ्यांदा बाई चिडल्या, पण त्यांनी त्याला उठवून दाखवलं. तो कसला भडकला! या खेपेला रडताना डोळ्यांत पाणी होतं. बाई म्हणाल्या, "हे बघा, अश्रू आले." चंपाबाईंनी पदराने स्वतःचेही डोळे पुसले आणि लगेच माझ्याकडे रागाने बघितलं, मी पाहिलं म्हणून.

चारला दिव्या तोंड धुवायला उठली. चंपाबाई दवाखान्याबाहेरच्या कॉइन बॉक्सवरून जितेशला, म्हणजे त्यांच्या लेकाला, अनिशच्या बापाला, कंपनीत फोन करायला गेल्या होत्या. कुणीच नाही म्हणून दिव्याने अनिशला माझ्या मांडीवर ठेवलं. लंगोट नव्हता, सगळे शीने खराब झाले होते. मी त्याला म्हटलं, "काय रे, माझ्यामुळे मेला असतास ना?" तो माझ्या चष्म्याकडे बघत होता. मला असं वाटलं, की याने एकदा चष्मा ओढून फोडला तर बरं होईल.

आणि मग माझी मांडी गरम झाली.

आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी ओरडलो, "डॉक्टर! झाली! डॉक्टर!"

बाई आतून धावत आल्या. दिव्या ओल्या तोंडाने आली. चंपाबाई फोन अर्धा टाकून दारात पोचल्या. "काय झाली? नीट सांगा," डॉक्टर म्हणाल्या.

मी उभा राहिलो. दोन्ही हातांवर अनिश, पायावरून धार चपलेत जातेय.

"डॉक्टर, अनिश जितेश म्हात्रे, वय आठ महिने, राहणार नवघर गावठाण, विहिरीच्या बाजूला, परवा संध्याकाळपासून जुलाब, काल दहा वेळा, रक्त नाही, ताप थोडा, आज दुपारी दोन वाजता एक उलटी, त्यानंतर नाही, याने आत्ता चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या मांडीवर लघवी केली आहे. भरपूर केली आहे. रंग जरा पिवळा आहे. पँट आतपर्यंत भिजली आहे, आणि अजून, डॉक्टर, अजून चालूच आहे."